‘हे मला का लिहीत आहेत?’

“नमस्कार मॅडम. तुमचं प्रोफाइल पाहिलं, फार प्रेरणादायी वाटलं. तुमच्याशी कनेक्ट व्हायला आवडेल.”

लिंक्डइनवर दहा-बारा वर्षं नोकरी केल्याची नोंद असलेल्या कुणालाही विचारा, असे मेसेज आठवड्याला चार-पाच तरी येतातच. मेसेजमध्ये वावगं काही नसतं. भाषा नम्र असते, कौतुक असतं, मागणीही नसते. तरी बहुतेक जण तो वाचून पुढे सरकतात. पाठवणाऱ्याला वाटतं, मोठी माणसं, आपल्याला कशाला उत्तर देतील! पण बऱ्याचदा यात शिष्टपणाचा संबंध नसतो. मेसेज वाचल्यावर मनात एक प्रश्न येतो, त्याचं उत्तर मेसेजमध्ये सापडत नाही, आणि ते शोधण्याचं काम अंगावर घ्यावं असं काही कारणही दिसत नाही. तो प्रश्न म्हणजे, हे मला का लिहीत आहेत?

दोन अनोळखी माणसं पहिल्यांदा बोलतात तेव्हा त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, याचा एक सिद्धांत 1975 मध्ये चार्ल्स बर्गर आणि रिचर्ड कॅलाब्रीज या दोन अमेरिकी संवाद-अभ्यासकांनी मांडला. त्याला अनिश्चितता कमी करण्याचा सिद्धांत म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. अनोळखी माणूस समोर आला की आपल्याला दोन गोष्टींची रुखरुख असते. हा पुढे कसा वागेल, आणि आत्ता जसा वागतोय तो तसा का वागतोय? पहिल्या भेटीतलं बरंचसं बोलणं ही रुखरुख कमी करण्यासाठीच चाललेलं असतं. आवडणं-नावडणं, मैत्री, विश्वास या गोष्टी त्यानंतरच्या.

आपल्याकडे रेल्वेत हे रोज घडतं. समोरच्या बाकावरचे काका विचारतात, “कुठपर्यंत?” आपण म्हणतो, “मिरजेपर्यंत. तुम्ही?” मग गाव, मग आडनाव, मग “तिकडचे म्हणजे कुठले?”, मग नोकरी. यातला कुठलाच प्रश्न खोल नाही, आणि प्रत्येक उत्तराला जवळपास तेवढंच उत्तर परत मिळतं. बर्गर आणि कॅलाब्रीज यांनी या टप्प्याला प्रवेशाचा टप्पा म्हटलं. त्यात वय, गाव, काम अशी वरवरची माहिती आलटून-पालटून दिली-घेतली जाते, कारण अनिश्चितता जास्त असताना माणसं देण्याघेण्याचा हिशेब फार काटेकोर ठेवतात. मी माझं गाव सांगितलं आणि तुम्ही तुमचं सांगितलंच नाही, तर मी लगेच सावध होतो. अनिश्चितता कमी झाली की हा हिशेब सैल पडतो. जुन्या मित्राने आपलं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचं काहीच सांगितलं नाही, तरी आपल्याला खुपत नाही.

सिद्धांतात अशी सात गृहीतकं आहेत. बोलणं वाढलं की अनिश्चितता घटते. हसणं, मान डोलावणं, नजर मिळवणं अशी देहबोली वाढली की ती आणखी घटते. अनिश्चितता जास्त असेल तर माणूस माहिती जास्त शोधतो, आतलं काही बोलत नाही आणि देवाणघेवाण सारखी ठेवतो. साम्य दिसलं की अनिश्चितता घटते, आणि ती घटली की समोरचा आवडू लागतो. या सात गोष्टींच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या की एकवीस होतात, आणि त्या दोघांनी खरोखरच एकवीस प्रमेयं काढून दाखवली. एकवीसही इथे सांगण्यात अर्थ नाही, आणि त्यातलं एक तर टिकलंही नाही. त्याकडे पुढे येतोच.

हा सिद्धांत मांडला गेला तेव्हा पहिली भेट म्हणजे समोरासमोरची भेट. लिंक्डइन सुरू झालं 2003 मध्ये. तिथे या टप्प्याचं सगळं चित्र पालटतं. रेल्वेतल्या काकांना जे विचारावं लागलं, ते लिंक्डइनवर आधीच लिहिलेलं असतं. शिक्षण कुठे, आधी कुठे होतात, आता कुठे, किती वर्षं, ओळखीचं समान कोण, हे सगळं एकही शब्द न बोलता कळतं. माहिती मिळवण्याच्या वाटांची बर्गर यांनी नंतर तीन गटांत विभागणी केली होती. लांबून पाहत राहणं, तिसऱ्याला विचारणं आणि थेट त्या माणसाला विचारणं. 2002 मध्ये आर्तेमिओ रामिरेझ, जोसेफ वॉल्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथी वाट जोडली. ती म्हणजे त्या माणसाने किंवा इतरांनी त्याच्याविषयी इंटरनेटवर लिहून ठेवलेलं शोधून काढणं. लिंक्डइनवर पहिला मेसेज जाण्याआधीच ही चौथी वाट पूर्ण चालून झालेली असते.

पण ती चालून झालेली असते फक्त एकाने. खरी अडचण इथे आहे, आणि मला वाटतं ऑनलाइन पहिल्या ओळखीविषयी समजून घ्यायची हीच सर्वात मोठी गोष्ट आहे. मेसेज पाठवणाऱ्याने समोरच्याचं प्रोफाइल वीस मिनिटं वाचलेलं असतं. पोस्ट वाचलेल्या असतात, फोटो पाहिलेला असतो, कंपनी बदलल्याची तारीखही पाठ असते. त्याची अनिश्चितता बरीच खाली आलेली असते, त्यामुळे त्याला ओळख झाल्यासारखं वाटू लागतं आणि तो त्या भावनेतून लिहितो. ज्याला मेसेज मिळतो त्याच्या बाजूने मात्र सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं असतं. देण्याघेण्याचा हिशेब पहिला शब्द येण्याआधीच एका बाजूला झुकलेला असतो. शिवाय प्रोफाइल ज्या प्रकारची अनिश्चितता कमी करतं ती या घडीला फारशी महत्त्वाची नसते. हा कोण आहे, हे एका टिचकीत कळतं. उत्तर दिलं तर पुढे हा काय मागेल, हे प्रोफाइलवर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून नुसतं “हाय” किंवा “हॅलो सर, कसे आहात?” लिहून थांबणारे मेसेज इतके अडकतात. समोरासमोर नमस्कार एकटा येत नाही. त्याच्याबरोबर चेहरा येतो, आवाज येतो, माणूस घाईत आहे की निवांत ते दिसतं. पडद्यावर यातलं काही नसल्यामुळे “कसे आहात?” या प्रश्नाने काहीच कळत नाही, उलट एक धोका वाढतो. उत्तर दिलं की संभाषणात पाऊल पडलं, आणि ते संभाषण कशाचं आहे हे अजून माहीत नाही.

लिसा टिडवेल आणि वॉल्थर यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या. काही जोड्या समोरासमोर बसल्या, काहींनी संगणकावरून लिहून बोलायचं होतं. संगणकावरच्या जोड्यांनी हवापाण्याच्या गप्पा पुष्कळ कमी केल्या. त्यांच्या बोलण्यात थेट प्रश्न आणि स्वतःविषयी सांगणं यांचं प्रमाण जास्त होतं. समोरासमोर जे प्रश्न आगाऊ वाटले असते ते लिहून विचारताना खपून गेले, इतकंच नव्हे तर बोलणं जमवायला उपयोगी पडले. चेहरा वाचायची सोय नसेल तर माणसं शब्दांनी ती भर काढतात. मोठ्या माणसाला थेट कसं विचारायचं, या संकोचापोटी आपली मुलं तीन मेसेज नुसत्या आदराने भरतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता एक उदाहरण नीट पाहू. माणसं काल्पनिक आहेत, पण अशी संभाषणं चाकण-भोसरी-अंबड पट्ट्यात नवीन नाहीत.

नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एक मुलगा क्वालिटी विभागात चार वर्षं आहे. त्याला चाकणला सप्लायर क्वालिटीत जायचं आहे, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांवर गिऱ्हाइक कंपनीच्या बाजूने नजर ठेवण्याचं काम. चाकणच्या एका कंपनीत हा विभाग सांभाळणाऱ्या बाईंचं प्रोफाइल त्याला सापडतं. त्यांनी काही दिवसांपूर्वी एट-डीवर एक पोस्ट लिहिली आहे. खराब माल निघाला की पुरवठादाराने कारण शोधून आठ पायऱ्यांचा अहवाल द्यायचा असतो, त्याला एट-डी म्हणतात. बाईंची तक्रार अशी, की चौथ्या पायरीवर मूळ कारण लिहायचं असतं आणि तिथे सगळे “ऑपरेटरची चूक” लिहून मोकळे होतात.

कनेक्शनच्या विनंतीसोबत जोडायच्या चिठ्ठीला खात्याच्या प्रकारानुसार दोनशे ते तीनशे अक्षरं मिळतात. पहिल्या खेपेला त्याने लिहिलं असतं ते सुरुवातीला दिलंच आहे. त्याऐवजी तो असं लिहितो:

“मॅडम, मी अंबडला पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीत चार वर्षं आहे. एट-डीची तुमची पोस्ट वाचली. हा अनुभव सप्लायर क्वालिटीला पुरतो का, एवढंच विचारायचं आहे. रेफरल मागत नाही.”

प्रत्यक्षात हे बहुधा इंग्रजीत जाईल, पण त्याने फरक पडत नाही. या चिठ्ठीत काय काय झालं ते पाहा. तो कोण, कुठला, काय करतो हे त्याने सांगितलं, म्हणजे बाईंना जे शोधावं लागलं असतं ते आयतं दिलं. एट-डीच्या उल्लेखाने साम्य दाखवलं, तेही कामातलं साम्य, जे खोटं बोलून दाखवणं अवघड आहे. सगळ्यात मोलाची शेवटची दोन वाक्यं. त्यांनी मागणीला कुंपण घातलं. उत्तर दिलं तर पुढे काय मागितलं जाईल आणि काय मागितलं जाणार नाही, दोन्ही बाईंना कळलं. अर्थात हे कुंपण खरं असायला हवं. आज “रेफरल मागत नाही” म्हणून चार दिवसांनी सीव्ही पाठवला, तर आधीच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ मागे जाऊन बदलतो आणि अनिश्चितता होती त्याहून वर जाते. ज्याला रेफरलच हवं आहे त्याने तसं सरळ लिहावं. मागणी स्पष्ट असली की नाही म्हणणंही सोपं जातं, आणि नाही म्हणणं सोपं असेल तिथे माणसं उत्तर द्यायला तयार होतात.

बाई उत्तर देतात, “पुरेल की नाही ते कामावर आहे. कस्टमर ऑडिट किती हाताळले तुम्ही?”

हा प्रश्न म्हणजे दार उघडल्याची खूण. आता माहिती शोधण्याचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. इथे बहुतेक जण घसरतात. आनंदाच्या भरात चार परिच्छेद लिहितात, प्रमाणपत्रांची यादी देतात, सीव्ही जोडतात. एका ओळीच्या प्रश्नाला पानभर उत्तर गेलं की सुरुवातीच्या टप्प्यातला हिशेब मोडतो. त्यांनी एक ओळ दिली होती, आता त्यांच्यावर पानभर वाचण्याचं ओझं आलं. आपला मुलगा लिहितो, “दोन. पहिल्यात मी फक्त कागद काढून देत होतो. दुसऱ्यात प्रोसेस ऑडिटला उत्तरं मी दिली, दोन ठिकाणी अडकलो.”

“दोन ठिकाणी अडकलो” हे त्याने स्वतःच्या विरुद्ध जाणारं सांगितलं, आणि म्हणून त्याआधीचं “उत्तरं मी दिली” विश्वासाचं झालं. आपली बाजू पडती दाखवणारी माहिती माणूस फुकट देत नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. बाई विचारतात, “कुठे अडकलात?” आणि तिथून बोलणं कामाचं होतं. कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेली तपासणी आणि शॉपफ्लोअरवर प्रत्यक्ष होणारी तपासणी जुळत नव्हती, असं तो सांगतो. त्या म्हणतात, हेच आम्ही पुरवठादाराकडे गेल्यावर पहिल्यांदा पाहतो. आणि मग तो न विचारता त्या स्वतःचं एक सांगतात, की त्यांनीही सुरुवात शॉपफ्लोअरवरच केली होती. पाच-सहा छोट्या मेसेजांत दोघंही प्रवेशाच्या टप्प्यातून थोडे पुढे आले.

बाईंच्या जागी बाईच आहेत, याचाही इथे विचार करायला हवा. व्यावसायिक मंचावर स्त्रियांना येणाऱ्या मेसेजांत कामाच्या आडून सलगी करणारे पुष्कळ असतात. पुरुषाला जो मेसेज फक्त अस्पष्ट वाटेल, तो स्त्रीला वेगळ्याच प्रश्नात टाकतो. फोटोची तारीफ, “डिअर” असं संबोधन, रात्री साडेअकराला आलेलं “फ्री आहात का?”, यातलं प्रत्येक या प्रश्नाला हवा देतं. काम वगळून काहीच न आलेला मेसेज तिच्यासाठी निव्वळ सभ्य नसतो, तो वागण्याचा अंदाज बांधायला मदत करतो. ज्या स्त्रिया अनोळखी मेसेजांना सरसकट उत्तर देत नाहीत त्यांना आढ्यताखोर म्हणणं हा अन्याय आहे. चुकीच्या माणसाला उत्तर दिल्याची किंमत त्यांना जास्त मोजावी लागते.

मूळ सिद्धांतातली कमजोर जागा आता सांगायला हवी, कारण लिंक्डइनवरच ती सगळ्यात उघडी पडते. तिसरं गृहीतक म्हणतं, अनिश्चितता जास्त तर माहितीचा शोध जास्त. तसं असतं तर बाईंनी पहिल्याच अस्पष्ट मेसेजवर दहा प्रश्न विचारले असते. त्या तर गप्प बसल्या असत्या. कॅथी केलरमन आणि रॉडनी रेनल्ड्स यांनी 1990 मध्ये हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून हेच दाखवलं. माहिती नसल्यामुळे माणूस शोध घेत नाही. माहिती हवी असेल तर घेतो. ज्याच्याशी घेणंदेणं नाही त्याच्याबद्दल अज्ञानात राहायला आपली काही हरकत नसते. त्याच धाग्यात मघाचं न टिकलेलं प्रमेय येतं. तिसरं आणि सातवं गृहीतक जोडलं की असं निघतं, की जो आवडतो त्याच्याविषयी आपण कमी विचारतो. स्वतःच्या अनुभवावरून कुणीही सांगेल की हे उलट आहे.

मायकल सनाफ्रँक यांनी त्याआधीच, 1986 मध्ये, आणखी पुढचा मुद्दा काढला होता. त्यांच्या मते पहिल्या बोलण्यात आपण मुख्यतः एक अंदाज बांधत असतो. हे नातं पुढे नेलं तर बरं होईल की वाईट? अनिश्चितता कमी करणं हे त्या अंदाजासाठीचं साधन. अंदाज चांगला निघाला तर आपण आणखी विचारतो, वाईट निघाला तर बोलणं आवरतं घेतो. लिंक्डइनवर मला हा मुद्दा फार पटतो. खुद्द बर्गर यांनीही 1979 मध्ये म्हटलं होतं, की अनिश्चितता कमी करायची धडपड तीन प्रसंगी वाढते. समोरच्याकडून काही मिळण्यासारखं असेल, तो अनपेक्षित वागत असेल किंवा त्याची पुन्हा गाठ पडणार असेल. रेल्वेतल्या काकांशी रात्रभर एका डब्यात काढायची असते. लिंक्डइनवरच्या अनोळखी माणसाशी तसं काही नसतं. म्हणून तिथलं मौन बहुतेक वेळा नकार नसतो. अंदाज बांधायलाच कारण मिळालेलं नसतं, इतकंच.

समान ओळखी हे असं कारण ठरू शकतात. बर्गर आणि विल्यम गुडिकन्स्ट यांनी 1991 मध्ये सिद्धांतात आठवं गृहीतक जोडलं, की दोघांची माणसं जितकी सामायिक तितकी अनिश्चितता कमी. लिंक्डइनने ही गोष्ट नावाखालीच छापून ठेवली आहे, “अमुक आणि आणखी सात जण तुमच्या ओळखीचे”. पण तिथलं कनेक्शन म्हणजे ओळख नव्हे. कितीतरी जण आलेली प्रत्येक विनंती स्वीकारतात. म्हणून समान ओळखींचा आकडा पाहून निर्धास्त होणं चूक. त्यातल्या एकाला, ज्याचा फोन नंबर आपल्याकडे आहे अशाला, विचारणं बरोबर. “त्यांना ओळखतोस का रे? एकत्र काम केलंय?” त्याचं उत्तर “नाही, नुसतेच जोडलेले आहोत” असं आलं तरी ती माहितीच आहे.

हे विचारणं का गरजेचं आहे ते फसवणुकीच्या प्रकरणांवरून कळतं. नोकरीच्या नावाने लुबाडणारे लोक अनिश्चितता कमी करण्यात फार तरबेज असतात. आपण वर जे चांगल्या मेसेजचे गुण पाहिले ते सगळे त्यांच्या मेसेजमध्ये सापडतात. ते तुमचं पद, तुमचं कॉलेज, तुमची पोस्ट वाचून लिहितात. समान ओळखी आधी गोळा करतात. कंपनीचं नाव मोठं असतं, कामाचं स्वरूप स्पष्ट असतं, पगारही सांगतात. सिद्धांताच्या नजरेने पाहिलं तर त्यांनी सगळी गृहीतकं पाळलेली असतात.

फरक कुठे शोधायचा, याचं उत्तर वॉल्थर आणि माल्कम पार्क्स यांनी 2002 मध्ये मांडलेल्या एका विचारात आहे. ऑनलाइन दिसणाऱ्या माहितीला वजन किती द्यायचं, हे ती माहिती त्या माणसाला स्वतः किती सहज बदलता आली असती यावर ठरवा. “मी अमुक कंपनीत एचआर मॅनेजर” हे कुणीही टाइप करू शकतं. त्या कंपनीच्या कुणी जुन्या माणसाने त्याच्याविषयी तीन वर्षांपूर्वी काय लिहिलं, हे त्याला आज रात्रीत बनवता येत नाही. जेमी गिलरी आणि जेफ हॅनकॉक यांनी 2012 मध्ये विद्यार्थ्यांकडून रेझ्युमे बनवून घेतले, काही कागदी, काही लिंक्डइनवर सर्वांना दिसणारे. खोटं दोन्हीकडे सारखंच आढळलं, पण ते वेगळ्या जागी होतं. लिंक्डइनवर नोकरीच्या अनुभवाबद्दल खोटं कमी होतं, कारण जुने सहकारी ते पाहतात. छंद आणि आवडींबद्दल जास्त होतं, कारण ते कोण तपासणार! यातून वाचणाऱ्याने घ्यायचा धडा सरळ आहे. प्रोफाइलचा जो भाग इतरांच्या नजरेखाली आहे तोच आधी वाचायचा.

प्रत्यक्षात हे असं करता येतं. अनोळखी रिक्रूटरचा मेसेज आला की त्याच्या प्रोफाइलमधला “अबाउट धिस प्रोफाइल” हा भाग उघडा. खातं कधी काढलं, आणि ओळख किंवा कंपनीचा ईमेल पडताळलेला आहे का, हे तिथे दिसतं. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचं खातं दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर थांबा. पडताळणीची खूण दिसली तरी ती नेमकी कशाची आहे ते वाचा. माणसाचं नाव खरं असणं आणि तो सांगतो त्या कंपनीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग त्याच्या पोस्टखाली कंपनीतले लोक त्याच्याशी ओळखीने बोलतात का ते पाहा. त्याने दिलेल्या लिंकवर न जाता कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा आणि ती जागा तिथे आहे का तपासा.

लबाड माणूस आणखी एका गोष्टीत हटकून वेगळा पडतो, ती म्हणजे वेग. खरं संभाषण प्रवेशाच्या टप्प्यात वेळ घालवतं. दोन्ही बाजू थोडं देतात, थोडं घेतात. फसवणारा तो टप्पा ओलांडायची घाई करतो. दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजला “व्हॉट्सअॅपवर या” किंवा “टेलिग्रामवर बोलू” येतं, कारण इथे त्याचं प्रोफाइल तुमच्या नजरेसमोर आहे आणि तिथे नसेल. मुलाखत न होताच निवड होते. मग नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे, “परत मिळणारे”. आणि तुम्ही प्रश्न विचारलात की तो उत्तर देण्याऐवजी मुदत सांगतो, आज संध्याकाळपर्यंतच.

अशा वेळी एकच विनंती करावी. “कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून हेच लिहून पाठवाल का? मी त्यावरच उत्तर देतो.” खऱ्या रिक्रूटरला यात काही विशेष वाटत नाही, बहुतेक जण त्याच दिवशी मेल पाठवतात. खोटा माणूस तीनपैकी एक करतो. सिस्टिम बंद आहे म्हणतो, एक-दोन अक्षरं बदललेल्या पत्त्यावरून मेल टाकतो, किंवा तुमच्यावर चिडतो. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा, आणि तोही नीट दिसला तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून त्या माणसाचं नाव विचारावं.